अर्धवट कामं आणि दिवसाचा शेवट

ऑफिसातून निघताना पाच-दहा मिनिटं काढून राहिलेली कामं लिहायची, उद्याचं पहिलं काम ठरवायचं आणि मग दिवस बंद करायचा, ही सवय आज बरेच जण लावू पाहतात. त्यासाठी फोनवर रिमाइंडरही लावतात. आठवड्याभरात तो रिमाइंडर वाजतो आणि आपण तो न बघताच बंद करतो. असं का होतं, हे समजायला या सवयीचा इतिहास उपयोगी पडतो. म्हणून आज थोडं मागे, १९२० च्या दशकातल्या बर्लिनला जाऊ.

बर्लिन विद्यापीठात तेव्हा कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ शिकवत होते. कॅफेतल्या वेटरचा प्रसिद्ध किस्सा त्यांच्याच वर्तुळातला म्हणून सांगितला जातो. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला सगळी ऑर्डर तोंडपाठ असते आणि पैसे हातात पडले की तो ती विसरतो. किस्सा छान आहे, पण खरं महत्त्व आहे ते त्यांची लिथुआनियातून आलेली विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने केलेल्या प्रयोगाला. तिने लोकांना सुमारे २० छोटी कामं दिली. मातीची आकृती करणं, मणी ओवणं, कोडी, गणितं असली कामं. त्यातली निम्मी पूर्ण करू दिली आणि उरलेली, माणूस अगदी रंगात आला असताना, मध्येच थांबवली. नंतर विचारलं, कोणकोणती कामं आठवतात? १९२७ साली छापलेल्या तिच्या निबंधात अर्धवट कामं पुऱ्या झालेल्या कामांच्या जवळपास दुप्पट आठवली, असं दिसतं.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, लेविन यांचीच दुसरी विद्यार्थिनी मारिया ओव्हसियांकिना हिने वेगळा प्रश्न विचारला. काम मध्येच थांबवलं आणि माणसाला मोकळं सोडलं, तर तो काय करतो? कुणी सांगितलं नाही, बक्षीसही नाही, तरी बहुतेक जण आपणहून त्या अर्धवट कामाकडे वळले. तिचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. पण काळाच्या कसोटीवर जास्त टिकला तो तिचाच निष्कर्ष. झायगार्निकचा स्मरणाचा परिणाम पुढे अनेकांना पुन्हा दाखवता आला नाही. अर्धवट कामाकडे परत जाण्याची ओढ मात्र पुन्हा पुन्हा दिसली. म्हणजे संध्याकाळी जेवताना ऑफिसची फाईल डोक्यात येते, तेव्हा प्रश्न नुसत्या आठवणीचा नसतो. मन त्या कामाकडे परत जायला निघालेलं असतं.

मग उपाय एकच दिसतो. सगळी कामं संपवूनच उठायचं. पण ऑफिसची कामं अशी संपत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

इथे जवळजवळ ८० वर्षांनी एक महत्त्वाची भर पडली. २०११ मध्ये ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बॉमिस्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एका प्रयोगात काही लोकांना लवकरच करायच्या, पण न झालेल्या महत्त्वाच्या कामांबद्दल लिहायला लावलं. आणखी काही जणांनी तशाच कामांबद्दल लिहिलं, पण त्यांना ते काम नेमकं कसं करणार याचा बेतही लिहायला सांगितला. मग सगळ्यांना एका रहस्यकादंबरीचा भाग वाचायला दिला. नुसतं काम आठवून लिहिलेल्यांचं लक्ष वाचताना सारखं त्या कामाकडे जात होतं. बेत लिहिलेल्यांना हा त्रास बराच कमी झाला. लक्षात घ्या, काम कुणाचंच झालेलं नव्हतं. मनाला काम संपायला हवं असतं असं नाही. ते कधी आणि कसं होणार, हे ठरलेलं असलं तरी बरंच भागतं.

डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या पुस्तकात अशा अधांतरी कामांना ‘ओपन लूप’ म्हटलं होतं आणि प्रत्येकासाठी पुढची ठोस कृती लिहायला सांगितलं होतं. संगणकशास्त्राचे प्राध्यापक कॅल न्यूपोर्ट यांनी २०१६ च्या ‘डीप वर्क’ या पुस्तकात त्याला दिवसअखेरच्या विधीचं रूप दिलं. शेवटचा ई-मेल पाहायचा, सुटी कामं यादीत घ्यायची, पुढच्या काही दिवसांचं कॅलेंडर बघायचं, उद्याचा कच्चा बेत करायचा आणि शेवटी बंद झाल्याचं एक ठरलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचं. ते वाक्य ऐकून शेजारचा हसेल, हे न्यूपोर्टनाही ठाऊक असावं. पण त्याचा उपयोग आहे. रात्री काळजी वाटली तर सगळं तपासल्याशिवाय आपण ते वाक्य म्हटलं नसतं, एवढं स्वतःला सांगता येतं.

आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ. समजा, वडोदऱ्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात एक बाई काम करतात. सहाला सुटी. त्यांनी रिमाइंडर सहाला लावला तर तो पर्स उचलताना वाजणार, म्हणून तो पावणेसहाला हवा. त्या वेळी तीन गोष्टी लोंबकळत आहेत: एका पुरवठादाराचं कोटेशन आलेलं नाही, एका बिलात जीएसटीची रक्कम जुळत नाही, आणि साहेब जाता जाता म्हणाले, ‘त्या पंपाचं बघा जरा.’

वहीत ‘कोटेशन, बिल, पंप’ असं लिहिलं तर ती २०११ च्या प्रयोगातल्या पहिल्या गटासारखी यादी झाली. काम आठवलं, पण पुढचा रस्ता ठरला नाही. त्याऐवजी असं लिहायचं: ‘कोटेशन: उद्या ११ वाजता पुरवठादाराला फोन, दुपारपर्यंत नाही आलं तर उरलेल्या दोघांचे दर पुढे पाठवणे. बिल: पुरवठादाराला दुरुस्त बिलासाठी मेल आत्ताच पाठवला; गुरुवारी पाहणे. पंप: नवा घ्यायचा की दुरुस्ती, हे साहेबांना १० वाजता विचारणे.’ यातला पंप सगळ्यात त्रासदायक, कारण ते काम नेमकं काय आहे हेच ठरलेलं नाही. तिथे पुढची कृती म्हणजे प्रश्न विचारणं.

आणि उद्याचं पहिलं काम? ते साहेबांवर किंवा कुणाच्या फोनवर अवलंबून नको. ‘साडेनऊला आलेल्या दोन कोटेशनांचे दर आणि वाहतूक खर्च एका तक्त्यात भरणे’ असं, बसल्या बसल्या हात घालता येईल असं हवं. आपल्या रोजकिर्दीत आजची अखेरची शिल्लक उद्याच्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून पहिली येते, तसंच काहीसं. हेमिंग्वे तर लिहिताना, पुढे काय होणार हे माहीत असेल अशाच ठिकाणी थांबायचा, म्हणजे सकाळी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नसे.

रिमाइंडर का मरतो, तेही यातूनच कळतं. संध्याकाळी लिहिलेलं सकाळी उघडलंच नाही, की मनाचा त्या वहीवरचा भरवसा उडतो आणि मग लिहूनही डोकं तेच काम घोळवत राहतं. एखादं काम लिहूनसुद्धा रात्री पुन्हा पुन्हा आठवत असेल, तर त्याच्या ओळीत बहुधा वेळ नाही किंवा कृती नाही. दुसरं म्हणजे विधी आटोपल्यावर ‘फक्त एकदा’ मेल उघडणं. त्यातून नवं काम आत येतं आणि त्याला बेत नसतो.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झोपेचा प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले. पुढच्या कामांची यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. अर्थात ही निरोगी तरुणांची प्रयोगशाळेतली एक रात्र होती. रात्री दहाला साहेबांचा मेसेज येणाऱ्या घरात ते ९ मिनिटांचं गणित जसंच्या तसं लागू होईल, असं समजू नका. तिथे वहीतल्या ओळीआधी साहेबांशी बोलावं लागेल.