धिंगरी अळिंबी : नांदेड-लातूर भागातील काडावरील लागवड

प्ल्यूरोटस प्रजातीतील खाद्य अळिंबी. आकारावरून हिला शिंपला अळिंबी असेही म्हणतात. काडातील सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन करून ती आपले पोषण करीत असल्यामुळे नांदेड व लातूर या सोयाबीनच्या मुलखात, जेथे ज्वारीचा कडबा जनावरांसाठी राखून ठेवण्याचा शिरस्ता आहे, तेथे मळणीनंतर उरणारे सोयाबीनचे काड व गव्हांडा हेच तिचे स्वाभाविक माध्यम होय. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जाऊन हवा कोरडी पडते. सबब पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळा संपेपर्यंतचा काळच लागवडीस अनुकूल असतो.

बियाणे म्हणजे शिजवलेल्या गहू वा ज्वारीच्या दाण्यांवर प्रयोगशाळेत वाढविलेले कवकजाल. दाणे पांढऱ्याशुभ्र जाळ्याने एकमेकांस चिकटलेले असावेत. हिरवा वा काळा ठिपका दिसल्यास किंवा आंबूस वास आल्यास ती पिशवी निःसंकोच नाकारावी.

दहा किलो कोरडे काड तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे कापून रात्रभर भिजवावे व नंतर ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावे. हे पाश्चरीकरण होय, निर्जंतुकीकरण नव्हे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. कारण पूर्ण निर्जंतुक काड उघड्या खोलीत हाताळले की हवेतील कोणत्याही बुरशीस ते निर्वेध रान मिळते, तर मर्यादित उष्णतेतून तगून राहिलेले निरुपद्रवी सूक्ष्मजीव त्या बुरशीस सहजासहजी थारा देत नाहीत. निथळून गार झालेले काड मुठीत घट्ट दाबल्यावर तळवा ओला व्हावा, परंतु पाण्याची धार लागू नये. असे ओले काड सुमारे ३० किलो भरते. त्यात दोन टक्के, म्हणजे ६०० ग्रॅम बियाणे थरांनी पेरून पाच-पाच किलोच्या सहा सच्छिद्र पिशव्या भराव्यात आणि त्या अंधाऱ्या खोलीत सुमारे २५ अंशांवर ठेवाव्यात. पंधरा-वीस दिवसांत काड पांढरे होऊन त्याचा घट्ट गोळा बनतो.

पिशवी काढल्यानंतर ८० ते ९० टक्के आर्द्रतेची तजवीज करणे, हीच या जिल्ह्यांतील खरी कसोटी. भिंतींवर ओले गोणपाट टांगावे, जमिनीवर वाळू भिजत ठेवावी व पाणी तुषाररूपाने द्यावे. मात्र आर्द्रतेच्या लोभाने खोली बंद करून ठेवू नये. कर्बद्विप्राणिल वायू साचला की देठ लांबतात व छत्र्या खुरटतात. उलट हवा कोरडी असेल, तर छत्र्यांच्या कडा तडकतात वा कोवळे अंकुर पिवळे पडून सुकतात.

प्रादुर्भावात ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी सर्वांत उपद्रवी. पिशवीवरील तिच्या डागांवरून बहुधा उष्णता अपुरी पडल्याचे अनुमान निघते. काड अति ओले वा कुजके असल्यास काळी, शाईसारखी विरघळणारी कोप्रिनस छत्री उगवते. पिशवीच्या तळाशी पाणी साचून दुर्गंधी सुटली, तर ते जिवाणूंचे काम समजावे. बाधित पिशवी खोलीत उघडू नये; ती दूर नेऊन पुरावी, कारण हिरव्या बुरशीचे बीजाणू हाताच्या एका धक्क्यानेही साऱ्या खोलीत पसरतात.