रुपेरी केस : कलप सोडताना कात्रीचा आधार

केसांना कलप लावणे थांबवायचे ठरवून तिसऱ्या महिन्यात पुन्हा कलपाची वाटी हाती घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. यामागे निश्चयाचा अभाव नसून केसांची वाढ हे कारण असते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तीन महिन्यांनी भांगाच्या दोन्ही बाजूंस साडेतीन सेंटिमीटरचा पांढरा पट्टा आणि त्याखाली एकदम काळे केस, अशी रेघ दिसू लागते. पाहणाऱ्याला ती आवड न वाटता हयगय वाटते. ही रेघ मोडणे हेच या काळातील केशकर्तनाचे काम.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतील पन्नाशीच्या एका गृहिणीचे उदाहरण कल्पनेने घेऊ. खांद्यापर्यंतचे केस, पंधरा वर्षे काळा कलप आणि आता कलप लावला की कपाळाच्या कडेला खाज व पापण्यांना सूज. गडद कलपात बहुधा असणाऱ्या पीपीडी या रसायनाची ही ॲलर्जी असू शकते. तसे असेल तर कलप सोडणे हा हौसेचा प्रश्न राहत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणेही आवश्यक ठरते. बाजारात मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही अनेकदा हेच रसायन असते, त्यामुळे तो पर्याय नव्हे.

शेवटचा कलप जूनमध्ये लागला असे धरू. पहिले दोन महिने कात्री लावण्याची घाई करू नये, कारण पांढरे केस नेमके कोठे आहेत हे तोवर कळत नाही. बहुतेकांचे केस कानशिलांवर आणि भांगाजवळ आधी पिकतात. मानेवरचे बराच काळ काळे राहतात. या दिवसांत सरळ भांगाऐवजी नागमोडी किंवा बाजूचा भांग पाडावा. केस घट्ट मागे ओढून अंबाडा घातला, तर रेघ कपाळाभोवती पट्टीसारखी उठून दिसते.

ऑक्टोबरमध्ये, म्हणजे चौथ्या महिन्यात, मुळाशी सुमारे पाच सेंटिमीटर नैसर्गिक केस आलेले असतात. आता मानेवरचे केस तेवढेच आखूड ठेवून पुढचे हनुवटीपर्यंत आणावेत व वरच्या भागाला लेयर्स द्यावेत. यामुळे मागची बाजू पूर्णपणे कलपमुक्त होते. पुढे राहिलेली काळी टोके वेगवेगळ्या उंचीवर पडल्याने सरळ रेघ उरत नाही. रंगाची छटा मुद्दाम दिल्यासारखी वाटते. केस कुरळे असतील तर ते कोरडेच कापायला सांगावे, कारण ओले कुरळे केस लांब भासतात आणि सुकल्यावर अपेक्षेपेक्षा वर चढतात.

त्यानंतर दर सहा ते आठ आठवड्यांनी टोके कापावीत. फेब्रुवारीत साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास वाढ झालेली असेल. वरचे केस बारा-तेरा सेंटिमीटरवर आणले की काळेपणा केवळ टोकांना उरतो. एप्रिलपर्यंत तोही कापून आखूड, पूर्ण रुपेरी केस मिळतात. मात्र पुन्हा खांद्यापर्यंत यायला आणखी दीड-दोन वर्षे लागतील, हे आधीच लक्षात घ्यावे. कंबरेपर्यंतची वेणी न कापता हा प्रवास करायचा झाल्यास चार वर्षेही पुरी पडत नाहीत.

या दहा महिन्यांत घरातील लग्नासाठी ‘एकदाच’ कलप लावला, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याऐवजी धुतल्यावर निघून जाणारी मुळांची पावडर वापरावी. पार्लरमध्ये एकाच बैठकीत केस रुपेरी करून देण्याचे आश्वासन मिळाले तर सावध राहावे. वर्षानुवर्षांच्या काळ्या कलपावर ब्लीच केल्यास केस बहुधा तांबूस-नारिंगी होतात आणि तुटूही लागतात. ज्या कलपात किंवा मेंदीत धातूंचे क्षार असतील, त्यावर ब्लीच लागताच केस तापून जळण्याचा धोका असतो. त्यामुळे कापलेल्या एका बटेवर आधी चाचणी घेण्याचा आग्रह धरावा. शुद्ध मेंदीचा रंगही धुऊन जात नाही. तिथेही कात्रीच लागते.

अभिनेत्री झीनत अमान २०२३मध्ये इन्स्टाग्रामवर रुपेरी केसांनिशी आल्या आणि त्यांची बरीच चर्चा झाली. त्या छायाचित्रांतील झळाळी आपल्याकडे टिकवणे मात्र थोडे कष्टाचे आहे. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि कडक ऊन, जड पाणी व रंगीत तेल या तिन्हींमुळे पांढरे केस पिवळट पडतात. बाहेर पडताना डोक्यावर ओढणी किंवा पदर घ्यावा आणि तेल बिनरंगाचे वापरावे. जांभळ्या रंगाचा शांपू पिवळेपणा झाकतो. तो आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटे ठेवून धुवावा. केसांवर जांभळट झाक दिसू लागली, तर तो अधिक झाला असे समजून दोन आठवडे साधा शांपू वापरावा.