थ्रेड : पंतप्रधानांच्या दारातला टी-शर्ट

१/
मार्च १९८४. लंडन फॅशन वीकच्या निमित्ताने ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १०, डाउनिंग स्ट्रीट येथे वस्त्रकारांसाठी स्वागतसमारंभ ठेवला होता. निमंत्रितांत कॅथरिन हॅम्नेट होत्या. हस्तांदोलनाची वेळ येईपर्यंत त्यांच्या अंगावरचा कोट मिटलेला होता. तो उघडला, तेव्हा आतल्या पांढऱ्या टी-शर्टवर जाड काळ्या रोमन अक्षरांत एक वाक्य होते : ५८ टक्के लोकांना पर्शिंग नको.

२/
ते छायाचित्र आजही राजकीय पोशाखाच्या इतिहासात हमखास दाखवले जाते. बहुतेक वेळा चर्चा होते ती हॅम्नेट यांच्या धाडसाची. पण धाडस कितीही असले, तरी ते वाक्य छायाचित्रात वाचता आले नसते, तर उरले असते केवळ एका पाहुणीचे हस्तांदोलन. ते वाचता का आले, याचे उत्तर त्या टी-शर्टच्या छपाईत आहे. हा थ्रेड त्याविषयी.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. नेटोच्या १९७९ च्या निर्णयानुसार पश्चिम युरोपात अमेरिकेची मध्यम पल्ल्याची नवी अण्वस्त्रे येणार होती. १९८३ च्या अखेरीस पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे पश्चिम जर्मनीत, तर क्रूझ क्षेपणास्त्रे ब्रिटनमधील ग्रीनहॅम कॉमन येथे येऊ लागली. त्याविरुद्ध युरोपभर मोठी आंदोलने झाली. टी-शर्टवरचा ५८ हा आकडा जनमत चाचणीचा हवाला देत होता.

४/
हॅम्नेट यांनी आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, घोषणांचे टी-शर्ट काढले होते. ‘चूज लाइफ’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. त्यांचा हेतू स्पष्ट होता : अक्षरे इतकी मोठी असावीत की, वाचायचे नाही असे ठरवलेल्या माणसाच्याही नजरेत ती दुरून भरावीत. हा हेतू साधण्यासाठी तीन प्रश्न सोडवावे लागतात. छपाई अंगावर कुठे येते? अंगाच्या मानाने ती किती मोठी आहे? आणि कापडाच्या रंगावर ती किती उठून दिसते?

५/
पहिला प्रश्न, जागेचा. टी-शर्ट टेबलावर पसरला की तो एक सपाट चौकोन दिसतो, आणि चित्र त्याच्या बरोबर मध्यावर ठेवण्याचा मोह होतो. नवख्या छपाईतली ही सर्वांत नेहमीची चूक आहे. कापडाचा मध्य म्हणजे छातीचा मध्य नव्हे. अंगावर चढल्यावर तो पोटावर येतो. माणूस बसला की तिथे घड्या पडतात आणि खालची ओळ त्यांत बुडते.

६/
म्हणून छापणारे कारागीर मोजमाप खालून न घेता गळ्यापासून घेतात. प्रौढांच्या टी-शर्टवर छपाईची वरची कड गळ्याच्या पट्टीखाली साधारण ७ ते ८ सेंटिमीटरवर ठेवली जाते, म्हणजे चित्राचा भार छातीच्या सपाट भागावर पडतो. कड याहून फार वर गेली, तर छपाई गळ्याला टेकल्यासारखी वाटते. मध्यरेषा ठरवायला शर्ट उभा दुमडून बारीक घडी पाडतात आणि छपाईची चौकट तिच्याशी जुळवतात. छपाई तिरकी आहे की नाही, हेही मग त्याच घडीवर तपासता येते.

७/
रुंदीची मर्यादाही शरीरच घालते. छाती सपाट नसते. काखेकडे ती मागे वळते. छपाई फार रुंद झाली, तर पहिली आणि शेवटची अक्षरे त्या वळणावर जातात आणि समोरून पाहणाऱ्याला ती चेपलेली, अरुंद दिसतात. हॅम्नेट यांचे टी-शर्ट मुद्दाम मापापेक्षा बरेच मोठे, सैल असत. सैल कापड अंगाच्या वळणांना चिकटत नाही. खांद्यांवरून फलकासारखे सरळ लोंबते. ढगळपणा ही त्या काळाची फॅशन होतीच, पण इथे तो अक्षरांच्या कामी आला.

८/
दुसरा प्रश्न, आकाराचा. इथे थोडे गणित मांडू. पुढील आकडे त्या विशिष्ट शर्टची मोजमापे नाहीत. छपाईतल्या सर्वसाधारण मापांवर बेतलेला हा अंदाज आहे. घोषणेतला सर्वांत लांब शब्द ‘पर्शिंग’. रोमन लिपीत त्याची आठ अक्षरे होतात. छातीवरची नेहमीची रुंदी ३० सेंटिमीटर धरली, तर एका अक्षराला मोकळ्या जागेसह पावणेचार सेंटिमीटर मिळतात. अक्षर उभट असेल, तर त्याची उंची सुमारे ६ सेंटिमीटर होते. म्हणजे अक्षराचा आकार कलावंताच्या मर्जीपेक्षा सर्वांत लांब शब्दाने ठरतो.

९/
फलक रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे : अडीच सेंटिमीटर उंचीचे अक्षर तीन मीटरवरून सहज वाचता येते. त्या हिशेबाने ६ सेंटिमीटरचे अक्षर सुमारे सात मीटरवरून वाचता येईल. म्हणजे एका मोठ्या दालनाच्या दुसऱ्या टोकावरून. आता तेच वाक्य छातीच्या डाव्या बाजूला, खिशाच्या जागी, ९ सेंटिमीटर रुंदीत छापले आहे अशी कल्पना करू. अक्षर जेमतेम १.८ सेंटिमीटरचे राहील आणि दोन मीटरपलीकडे ते वाचायला डोळे ताणावे लागतील. शिवाय ते कोटाच्या कडेखाली झाकले जाईल, ते वेगळेच.

१०/
पण त्या घोषणेचा खरा वाचक दालनात नव्हताच. तो दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र हाती घेणार होता. समजा, दोन व्यक्तींचे दीड मीटर रुंदीचे दृश्य वृत्तपत्रात १० सेंटिमीटर रुंदीत छापले गेले. सगळे पंधरा पटींनी लहान झाले. सहा सेंटिमीटरचे अक्षर ४ मिलिमीटरचे राहिले. बातमीच्या मजकुरातल्या अक्षरांहून मोठेच. खिशावरचे अक्षर मात्र १.२ मिलिमीटरवर आले.

११/
त्या काळची वृत्तपत्रातील छायाचित्रे ठिपक्यांच्या जाळीतून छापली जात. जाड जाळीत एका मिलिमीटरला जेमतेम अडीच ठिपके बसत. चार मिलिमीटरचे अक्षर दहा ठिपके उंच होते. त्याचा आकार डोळ्यांना ओळखता येतो. १.२ मिलिमीटरच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत तीनच ठिपके येतात, आणि तीन ठिपक्यांत कोणतेही अक्षर उभे राहत नाही. छातीवर करडा डाग दिसला असता, घोषणा नव्हे.

१२/
तिसरा प्रश्न, उठावाचा. रंगांत फरक असला म्हणजे अक्षरे उठून दिसतात, असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. गडद हिरव्या कापडावरचा लाल रंग जवळून भडक दिसतो. पण दोघांचा उजळपणा जवळपास सारखा असेल, तर कृष्णधवल छायाचित्रात दोन्ही एकाच करड्या छटेत विरघळतात. संधिप्रकाशातही तसेच होते. वाचनासाठी लागतो तो उजळपणातला फरक. पांढऱ्यावर काळे, हे त्याचे टोक.

१३/
याची परीक्षा सोपी आहे. डोळे किलकिले करून शर्टकडे पाहावे, किंवा त्याचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. रंग बाजूला पडतात आणि केवळ उजेड-अंधार उरतो. अक्षरांच्या कडा तरीही स्वच्छ दिसत असतील, तर उठाव पुरेसा आहे. कडा पुसट होत असतील, तर रंग कितीही आवडता असला तरी बदलावा.

१४/
मग काळ्या शर्टवर पांढरी अक्षरे का नकोत? कागदावर उठाव तितकाच आहे, कापडावर नाही. पांढऱ्या कापडावर काळी शाई एकाच हातात पुरी बसते. काळ्या कापडावर पांढरी शाई एकदाच फिरवली, तर खालचा काळा रंग तिच्यातून डोकावतो आणि पांढऱ्याचा करडा होतो. म्हणून एक थर देऊन तो उष्णतेने वरवर सुकवावा लागतो आणि त्यावर दुसरा चढवावा लागतो. दोन थर नेमके एकावर एक बसले नाहीत, तर कडेला पुसट सावली दिसते. शाईचा जाड थर कापडही ताठ करतो.

१५/
या साधेपणाचा आणखी एक परिणाम झाला. एक रंग, एक चौकट, पांढरे कापड : अशी छपाई कोणत्याही लहान कारखान्यात होऊ शकते. हॅम्नेट यांच्या घोषणांच्या नकला झपाट्याने निघाल्या, आणि लोकांनी नकला कराव्यात अशीच त्यांची इच्छा होती. १९८४ मध्येच ‘व्हॅम!’ या गायकजोडीने ‘चूज लाइफ’ टी-शर्ट आपल्या चित्रफितीत घातले, आणि ‘फ्रँकी गोज टू हॉलिवुड’ या गटाचे मोठ्या काळ्या अक्षरांचे पांढरे टी-शर्ट रस्तोरस्ती दिसू लागले.

१६/
आता मर्यादा. हॅम्नेट यांनी पुढे सांगितल्यानुसार, थॅचर यांनी तिथल्या तिथे प्रत्युत्तर दिले : आमच्याकडे पर्शिंग नाहीत, क्रूझ आहेत. वस्तुस्थिती म्हणून ते बरोबर होते. छपाईने वाक्य दुरून वाचता येते; त्यातला युक्तिवाद बळकट होत नाही. त्या क्षेपणास्त्रांचा निकाल डिसेंबर १९८७ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या कराराने लागला. त्याचे श्रेय एका टी-शर्टला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

१७/
टी-शर्टला श्रेय द्यायचे ते एवढेच : सत्तेच्या घरात, सत्तेच्याच छायाचित्रात, विरोधाचे एक वाक्य अक्षरन् अक्षर वाचता येईल असे नोंदले गेले. गळ्यापासून योग्य अंतर, छातीभर रुंदी आणि पांढऱ्यावरचे काळे, यांतली एक गोष्ट जरी चुकली असती, तरी त्या छायाचित्राखाली घोषणा काय होती हे कुणाला तरी लिहून सांगावे लागले असते.

(समाप्त)