कातणे

करंजीची कड कापण्यासाठी वापरले जाणारे, बहुधा पितळी, हाताचे छोटे चाक. यालाच कातण किंवा नुसते फिरकी असेही म्हणतात. रत्नागिरीकडच्या घरांत ते वर्षातून एकदोनदाच बाहेर निघते, गणपतीत आणि दिवाळीत. एरवी ते खणात आडकित्ता, सोलाणे आणि गंजलेल्या सुऱ्यांच्या खाली पडून असते. त्यामुळे ज्यांनी विकतच्याच करंज्या खाल्ल्या, त्यांना आत्याच्या किंवा आजीच्या खणात ते सापडले की ही वस्तू शिवणकामाची की स्वयंपाकाची, इथूनच प्रश्न सुरू होतो.

वस्तू साधारण वीतभर लांबीची असते. एका टोकाला दांडा दुभंगून त्याची दोन बोटे होतात आणि त्यांच्यामध्ये जुन्या दोन रुपयांच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे चाक आरपार खिळ्यावर फिरते. चाकाची कड नागमोडी असते. दुसऱ्या टोकाला बहुधा पानाच्या आकाराचा उथळ चमचा असतो.

ओळख पटवताना माणसे चाकाकडेच बघत बसतात आणि तिथेच फसतात, कारण कड कापणारी आणि खुणा उमटवणारी चाके जगात पुष्कळ आहेत. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो शिंप्याच्या चाकाशी. कागदावरचा नमुना कापडावर उतरवण्यासाठी शिंपी दातेरी चाक फिरवतात. ते पोलादी व पातळ असते, त्याचे दाते सुटे आणि टोकदार असतात, मूठ लाकडाची किंवा प्लास्टिकची असते. कातण्याच्या कडेला दाते नसतात, लाटा असतात. बोट फिरवले तर टोचत नाही. शंका उरली तर मळलेल्या कणकेची जाडसर पोळी लाटून तीवर चाक फिरवावे. शिंप्याचे चाक टिंबांची ओळ सोडते आणि कणीक अखंडच राहते. पिझ्झा कापायच्या चाकाने सरळ, धारदार चीर पडते. कातण्याने पोळीचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा सारख्याच नागमोडी निघतात.

खरी साक्ष चाकापेक्षा दुसरे टोक देते. पिठाची कड कापणारे चाक ही काही आपल्याकडचीच वस्तू नव्हे. इटलीतल्या बार्तोलोमेओ स्काप्पी या पाककर्त्याचा १५७० साली छापलेला ग्रंथ स्वयंपाकघरातल्या हत्यारांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, आणि युरोपात अशी चाके तेव्हाही वापरात होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले देवमासे मारणारे खलाशी लांबच्या सफरींवर देवमाशाच्या दातातून आणि हाडातून अशी चाके कोरत आणि घरच्या बायकांसाठी नेत. त्यांतल्या कित्येकांच्या दुसऱ्या टोकाला काटा असतो. भट्टीत भाजायच्या ‘पाय’ या पदार्थावरच्या पोळीला वाफ जाण्यासाठी भोके पाडावी लागतात, म्हणून तो काटा. करंजी तळायची, तिला भोक पडले तर सगळेच फसले. तिला लागतो सारण भरायला चमचा. म्हणजे चाक दोघांचे एक, पण दुसऱ्या टोकावरून पदार्थ कळतो. दुसऱ्या टोकाला काहीच नसेल, दांडा नुसताच निमुळता असेल, तर मात्र वस्तूवरून एवढेच ठरते की ती पिठाची कड कापते. पुढचे घरच्यांनाच विचारावे.

घरातला जुना लाकडी पोळपाटही बघावा. वर्षानुवर्षे कातणे फिरलेल्या पोळपाटावर नागमोडी चरे राहतात. ते अर्धवर्तुळाकार असतील तर करंज्या, एकमेकांना छेदणारे सरळ असतील तर शंकरपाळे. हा पुरावा मला चाकावरच्या नक्षीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण नक्षी कारागिराची असते आणि चरे त्या घराचे.

वापर असा. रवा-मैद्याचा, मोहन घालून दुधात भिजवलेला गोळा पुरीएवढा लाटतात. सारण मधोमध न ठेवता एका अर्ध्यावर ठेवतात: दिवाळीत सुके खोबरे, पिठीसाखर, खसखस, वेलची; गणपतीत ओला नारळ आणि गूळ. पुरीच्या कडेला दुधाचे बोट फिरवून ती दुमडतात आणि सारणाच्या बाहेरून कड बोटांनी दाबत नेतात. मग दुमडीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत कातणे एकाच दमात फिरवायचे. मागेपुढे केले की लाटा एकमेकींवर चढतात आणि कड फाटते. सारण आणि चाक यांत अर्धा सेंटिमीटर तरी अंतर हवे. सुटलेली पट्टी पुन्हा गोळ्यात जाते किंवा तशीच तळून मुलांच्या हातावर पडते.

चाकाला धार नसते, आणि ती नसावीच. बोथट कड पीठ चिरत जाते तशी दोन्ही थरांना खाली दाबतही जाते, त्यामुळे कापलेल्या रेषेवर थर एकमेकांना चिकटतात. मात्र करंजी मिटते ती आधीच्या बोटांच्या दाबाने. चाक फक्त शेवटचा हात फिरवते. तेलात करंजी फुटली तर दोष बहुतेक वेळा कातण्याचा नसतो. सांध्यात सारणाचा कण अडकलेला असतो, किंवा चाक सारणाच्या फार जवळून गेल्याने मिटायला पीठच उरलेले नसते. पहिल्या घाण्यात एखादी करंजी फुटून साखर तेलात उतरली की ती जळते आणि पुढच्या सगळ्या करंज्यांवर काळे ठिपके येतात. साट्याच्या करंजीत कातण्याचे काम आणखी दिसते: कापलेल्या कडेतून तुपाने सुटे झालेले पापुद्रे उघडे पडतात आणि तळताना फुलतात. ज्या घरात कडेला हाताने मुरड घालतात, तिथे मात्र या चाकाची गरजच पडत नाही. अशा घरच्या खणात ते निघाले तर ते बहुधा शंकरपाळ्यांसाठी आणलेले असते.

जुने कातणे पुन्हा वापरात आणताना अडचण येते ती खिळ्यापाशी. वाळलेले पीठ तिथे दगडासारखे बसते आणि चाक फिरायचे थांबते. अडलेले चाक कापत नाही, पीठ ओढत नेते. ते गरम पाण्यात भिजत ठेवून टाचणीने कोरावे, कोरडे करावे आणि खिळ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. शिलाई मशीनचे तेल इथे चालत नाही. खिळा ढिला होऊन चाक डुगडुगत असेल तर तांबटाकडून किंवा लोहाराकडून तो पुन्हा ठोकून घ्यावा. पितळेवर आलेला हिरवा कळंक विषारी असल्याने तो पूर्ण निघाल्याशिवाय वस्तू पिठाला लावू नये. त्यासाठी कोकणात चिंच किंवा सारातून काढलेली आमसुले हाताशी असतातच. आंबटाने कळंक सुटतो, पण तेच आंबट पितळेवर राहिले तर नवा कळंक धरतो, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसावे. पितळी पातेल्याप्रमाणे कातण्याला कल्हई करत नाहीत. कोरड्या पिठाचा स्पर्श क्षणभराचाच, त्यामुळे ती लागतही नाही. चमच्याच्या टोकाने मात्र सारण भरून तो तसाच ओल्या नारळाच्या वाडग्यात ठेवून देऊ नये.

पुढे बिजागरीचे साचे आले. पुरी पसरा, सारण घाला, साचा मिटा, की कड एकदमच दाबली आणि कापली जाते. वेळ वाचतो, पण करंजी साच्याच्या मापाचीच होते आणि कडेला पिठाची जाड पट्टी राहते, जी आतून कच्ची राहण्याचा संभव असतो. प्लास्टिकच्या मुठीची कातणी आजही बाजारात मिळतात. त्यांतली बरीचशी नुसतीच चाके असतात, चमच्याविना.