थेंबाचा आकार आणि पहिल्या पायरीचे कोडे

१८८३ साली केंब्रिजहून एक पुस्तक प्रसिद्ध झाले. विषय होता द्रवाच्या थेंबाचा आकार. सपाट पृष्ठावर ठेवलेला थेंब नेमका किती पसरतो, किती फुगतो, हे सूक्ष्म मोजमापाने पाहायचे, आणि केशाकर्षणाच्या सिद्धांतातून निघणाऱ्या आकाराशी ताडून तो सिद्धांत खरा की खोटा ते ठरवायचे, असा लेखक फ्रान्सिस बॅशफोर्थ यांचा बेत होता. थेंबाचा अभ्यास आज त्या विषयाच्या तज्ज्ञांपुरता उरला आहे. पुस्तकात समजावून सांगितलेली आकडेमोडीची रीत मात्र आजही संगणकांत चालते.

ती रीत बॅशफोर्थ यांची नव्हे. केंब्रिजच्या १८४३ च्या गणिताच्या परीक्षेत त्यांचा क्रमांक दुसरा होता आणि पहिला आलेला विद्यार्थी होता जॉन काउच अ‍ॅडम्स. नेपच्यून कोठे सापडेल याचे गणित मांडणारा तोच हा अ‍ॅडम्स. थेंबाचे समीकरण सरळ सूत्राने सुटेना, तेव्हा बॅशफोर्थ यांनी याच मित्राची मदत घेतली.

अडचण अशी होती. थेंबाच्या कडेवर एका बिंदूपासून पुढे सरकताना कडेची दिशा कोणत्या दराने बदलते, एवढेच समीकरण सांगते. त्यावरून संपूर्ण कड रेखाटायची, तर माथ्यापासून निघून लहान लहान पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. सर्वांत भोळी रीत ऑयलरची: आत्ताचा दर घ्यावा, त्याच दराने एक पायरी जावे, तेथे नवा दर काढावा. पण दर पायरीच्या मध्येही बदलतच असतो, म्हणून प्रत्येक वेळी थोडी चूक होते आणि त्या चुका साचत जातात.

अ‍ॅडम्सने ओळखले की मागच्या पायऱ्यांवर कष्टाने काढलेले दर वाया घालवण्याचे कारण नाही. ते कोणत्या कलाने बदलत आले आहेत, यावरून पुढच्या पायरीतला बदल आधीच अजमावता येतो. दोनच दर वापरायचे असतील, तर आत्ताच्या दराची तिप्पट करून त्यातून मागचा दर वजा करावा, उरलेल्याचे निम्मे करावे आणि पायरीच्या लांबीने गुणावे. हे झाले पूर्वानुमान. मग त्या अंदाजित ठिकाणी दर काढावा, आत्ताच्या आणि अंदाजित दरांची सरासरी घ्यावी आणि मूळ जागेवरून पायरी पुन्हा टाकावी. ही झाली दुरुस्ती. गणिताच्या पुस्तकांत पहिल्या जातीच्या सूत्रांना अ‍ॅडम्स-बॅशफोर्थ म्हणतात आणि दुसऱ्या जातीच्या सूत्रांना अ‍ॅडम्स-मोल्टन. हे दुसरे नाव थोडे अन्यायाचेच आहे, कारण ती सूत्रेही अ‍ॅडम्सजवळ होती. शिकागोचे खगोलशास्त्रज्ञ फॉरेस्ट रे मोल्टन पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तोफगोळ्यांच्या मार्गांच्या गणिताकडे वळले. १९२६ च्या त्यांच्या ग्रंथामुळे त्यांचे नाव या सूत्रांना चिकटले.

मात्र या रीतीत एक पेच आहे. तिला मागचे दर लागतात, आणि आरंभी मागे काहीच नसते. थेंबाच्या माथ्यावर तर अडचण दुहेरी होती, कारण तेथे समीकरणातील एका पदाचे शून्य भागिले शून्य होते. अ‍ॅडम्सने माथ्याजवळचा आकार घातांकांच्या श्रेणीने काढला, त्यातून पहिली काही मूल्ये मिळवली आणि मगच आपली रीत सुरू केली. पण प्रत्येक समीकरणासाठी अशी श्रेणी हाताने मांडणे कष्टाचे असते.

तो कष्ट जर्मनीत दूर झाला. १८९५ मध्ये कार्ल रुंगे यांनी आणि १९०१ मध्ये विल्हेल्म कुट्टा यांनी एकाच पायरीच्या आत अनेक ठिकाणी दर चाचपून त्यांची योग्य सरासरी घेण्याची पद्धत घडवली. तिला भूतकाळ लागत नाही. तिच्या प्रसिद्ध रूपात मात्र प्रत्येक पायरीला चार वेळा दर काढावा लागतो, तर वरच्या जोडरीतीत दोनदाच. हाताने आकडेमोड करणाऱ्या काळात हा फरक फार मोठा होता. म्हणून पुढे दोहोंची सांगड रूढ झाली: पहिल्या पायऱ्या रुंगे-कुट्टाने, नंतरचा प्रवास अ‍ॅडम्सच्या वाटेने.

आरंभ इतका जपायचा कशासाठी, हे एका निवणाऱ्या चहाच्या कपावरून दिसते. खोलीपेक्षा जास्त असलेली उष्णता सुरुवातीला १ मानू आणि ती स्वतःच्याच मापाच्या दराने घटते असे धरू. पायरी ०.१ ची. खरे उत्तर पहिल्या पायरीनंतर ०.९०४८३७ आणि दुसरीनंतर ०.८१८७३१.

पहिली पायरी रुंगे-कुट्टाने टाकली तर ०.९०४८३८ मिळतात. तेथून पूर्वानुमान येते ०.८१९११२ आणि दुरुस्ती केल्यावर ०.८१८६४०. या दोन आकड्यांतील अंतर ०.०००४७२. सिद्धांत सांगतो की या सूत्रांच्या जोडीत दुरुस्त उत्तराची चूक त्या अंतराच्या सुमारे एक षष्ठांश असते, म्हणजे ०.००००७९. प्रत्यक्ष चूक आहे ०.००००९१. खरे उत्तर हाती नसतानाही चुकीचा अंदाज बांधता आला. या पद्धतीचे हेच मोठे वैभव: अंतर वाढू लागले की पायरी लहान करावी, नगण्य झाले की मोठी करावी.

आता तोच प्रवास ऑयलरच्या पायरीने सुरू करू. पहिले मूल्य ०.९. पूर्वानुमान ०.८१५, दुरुस्त उत्तर ०.८१४२५. अंतर ०.०००७५, म्हणजे अंदाजित चूक ०.०००१२५. हिशेब तपासणारा समाधानाने मान डोलावेल. प्रत्यक्ष चूक मात्र आहे ०.००४४८, अंदाजाच्या जवळजवळ ३६ पट!

येथेच या रीतीचा आंधळा कोपरा दिसतो. पूर्वानुमान आणि दुरुस्ती दोन्ही त्याच बिघडलेल्या मूल्यावरून निघतात, त्यामुळे दोघांचे एकमत होते आणि एकमतामुळेच फसगत होते. चालू पायरीत घडलेली चूक तेवढी त्या अंतरात उमटते, वारशाने आलेली चूक तेथे जवळजवळ दिसतच नाही.

मग आरंभाची परीक्षा आरंभीच करावी लागते. पहिली पायरी एकदा पूर्ण टाकावी, एकदा तेवढेच अंतर दोन अर्ध्या पायऱ्यांत चालावे आणि उत्तरे ताडावी. ऑयलरच्या रीतीने ०.९ आणि ०.९०२५ येतात, तिसऱ्याच दशांशस्थळी फाटाफूट होते आणि दोष उघडा पडतो. रुंगे-कुट्टाची दोन्ही उत्तरे सहा दशांशस्थळांपर्यंत अवघ्या एका एककाने भिन्न असतात. शिवाय आरंभाची पद्धत पुढच्या पद्धतीइतकी तरी अचूक असावी लागते. अ‍ॅडम्सची चार दरांची सूत्रे वापरायची, तर आरंभीची तीन मूल्ये चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टाने काढतात, ती याच कारणाने.

संगणक आल्यावर कोड्याला आणखी एक उत्तर मिळाले. १९७१ मध्ये विल्यम गिअर यांनी प्रसिद्ध केलेला संगणक-प्रोग्राम पायरीची लांबी आणि सूत्राचा क्रम दोन्ही स्वतः ठरवत असे. तो पहिल्या क्रमापासून, अत्यंत लहान पायरीने निघे आणि मागे पुरेसे दर जमत जातील तसतसा वरच्या क्रमाची सूत्रे हाती घेई. अ‍ॅडम्स घराण्यातले पहिल्या क्रमाचे पूर्वानुमान म्हणजे दुसरे तिसरे काही नसून ऑयलरचीच ती भोळी रीत. पायरी पुरेशी लहान असली, की तिचीही चूक सोसण्याजोगी ठरते.