८३ ते १०१: रक्ताच्या रिपोर्टमधल्या एका रकान्याची कुळकथा

लॅबच्या रिपोर्टवर ‘एमसीव्ही’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढच्या रकान्यात पुष्कळदा ‘८३ ते १०१’ असं छापलेलं असतं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटरमध्ये मोजतात, म्हणजे एका लिटरचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग करून. आकडा त्र्याऐंशीच्या खाली गेला की शेजारी ‘एल’ उमटतो, एकशे एकच्या वर गेला की ‘एच’. पण शंभरावर तो एक कशासाठी? सीमा माणसाने ठरवलेली असती तर त्याने ऐंशी आणि शंभर असे गोल आकडे घेतले असते. तो जास्तीचा एक कुठून तरी आलेला आहे आणि त्याचा माग काढता येतो.

माग जातो लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात. तिथले रक्तविकारतज्ज्ञ जॉन डेसी यांनी १९५० साली ‘प्रॅक्टिकल हिमॅटॉलॉजी’ हे प्रयोगशाळेत हाताशी ठेवायचं पुस्तक काढलं. पुढे एस. एम. लुईस त्यांना येऊन मिळाले आणि आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. आपल्याकडे पॅथॉलॉजीचे विद्यार्थी त्याला नुसतं ‘डेसी-लुईस’ म्हणतात. या पुस्तकात निरोगी प्रौढांच्या आकड्यांचा एक तक्ता आहे. त्यात एमसीव्ही पल्ल्याच्या रूपात दिलेला नाही, तो असा दिला आहे: ९२ अधिक-उणे ९. ब्याण्णवातून नऊ वजा केले की त्र्याऐंशी, नऊ मिळवले की एकशे एक.

एका ओळीवरून कूळ सिद्ध होत नाही, म्हणून तोच तक्ता पुढे वाचावा. प्लेटलेट २८० अधिक-उणे १३०, हजारांत. म्हणजे दीड लाख ते चार लाख दहा हजार. रिपोर्टवर ‘१.५ ते ४.१ लाख’ असतं ते हेच. आरडीडब्ल्यू १२.८ अधिक-उणे १.२, म्हणजे ११.६ ते १४. बायकांच्या तांबड्या पेशी ४.३ अधिक-उणे ०.५, म्हणजे ३.८ ते ४.८. इतके आडनिडे आकडे एकाच कागदावर योगायोगाने जमत नाहीत. ज्या रिपोर्टवर १०१, ४.१ आणि ११.६ ही तिन्ही टोकं एकत्र दिसतात, त्याचा रकाना त्या लंडनच्या तक्त्यातून उतरलेला आहे, असं बेधडक म्हणावं.

यावर आक्षेप येतो तो असा: पल्ले मशीनसोबत येतात, कंपनीने भरून दिलेले असतात, लॅब ते बदलत नाही. काही लॅबच्या बाबतीत हे खरं असेलही. पण मग ते आडनिडे आकडे कुठून आले, याचं उत्तर मिळत नाही. मशीनच्या मेमरीतही कुणीतरी ते कुठल्यातरी तक्त्यातून घातले असणार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, खरे मूळपुरुष मॅक्सवेल विन्ट्रोब. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला असताना १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना जाणवलं की पाठ्यपुस्तकांतले ‘नॉर्मल’ आकडे फारच थोड्या माणसांवर बेतलेले आहेत, आणि ते तरुण, निरोगी माणसांचं रक्त मोजायला बसले. एमसीव्ही, एमसीएच, एमसीएचसी ही त्रयी त्यांचीच. त्यांना आजोबा म्हणायला हरकत नाही. पण रिपोर्टवरच्या ओळी त्यांच्या असल्या तरी ओळीपुढचे आकडे त्यांचे नाहीत.

त्या ‘अधिक-उणे’चं घराणं मात्र तिसरंच आहे आणि ते रुग्णालयातलं नव्हे, शेतातलं आहे. इंग्लंडमध्ये हार्पेंडनजवळ रोथॅमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे. तिथे गव्हाच्या वाफ्यांना वेगवेगळी खतं घालून उत्पन्न तपासलं जाई. त्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर यांना नेमलं गेलं. एखाद्या वाफ्याचं जास्त पीक खताचं मानायचं की नशिबाचं, याला कुठेतरी रेघ मारावी लागते. १९२५ च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी ती विसात एक या प्रमाणावर मारली, कारण सरासरीपासूनचं ते अंतर प्रमाण विचलनाच्या जवळजवळ दुप्पट भरतं आणि हिशेबाला सोयीचं पडतं. डेसी-लुईस यांच्या तक्त्यातलं ‘अधिक-उणे ९’ म्हणजे तेच दुप्पट अंतर. मधले शंभरातले पंच्याण्णव निरोगी आत, दोन्ही टोकांचे मिळून पाच बाहेर. पुढे १९६९ मध्ये फिनलंडच्या राल्फ ग्रेसबेक आणि सारिस यांनी ‘नॉर्मल’ या कल्पनेलाच हात घातला आणि मग ‘संदर्भमूल्य’ हा विचार रुजला. तरी रेघ हलली नाही. आजही पल्ला नव्याने ठरवायचा तर किमान १२० निरोगी माणसं घ्यावीत आणि मधले पंच्याण्णव टक्के धरावेत, असाच संकेत आहे.

याचा अर्थ सरळ आहे. धडधाकट माणसांपैकी विसातल्या एकाच्या नावापुढे प्रत्येक चाचणीत एच किंवा एल उमटणार, तशीच त्या रकान्याची घडण आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर एखादी तरी खूण उमटण्याची शक्यता शंभरात चौसष्ट भरते. म्हणून पल्ल्याच्या काठावरच्या एकट्यादुकट्या खुणेला फार वजन नसतं. वजन असतं ते खूण किती लांब गेली आणि तिच्यासोबत कोण कोण गेलं याला.

हे एका रिपोर्टवर करून पाहावं. समजा, गावाकडून मावशीने चौतीस वर्षांच्या सुनेच्या रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आहे आणि खाली लिहिलं आहे, “बघ रे, किती ठिकाणी ठळक छापलंय!” फोटो तिरपा आहे, घडीची सावली बरोबर मधून गेली आहे. हिमोग्लोबिन ९.४, पल्ला १२ ते १५. तांबड्या पेशी सावलीत ४ पॉइंट काहीतरी, ५ की ९ कळत नाही. पीसीव्ही ३०.६, एमसीव्ही ६८, एमसीएच २०.९, एमसीएचसी ३०.७. आरडीडब्ल्यू १७.८. पांढऱ्या पेशी ७,८००. प्लेटलेट ४.६२ लाख.

सावलीतला आकडा आधी सोडवावा आणि इथे विन्ट्रोब आजोबा कामाला येतात. पीसीव्ही म्हणजे रक्तात पेशींचा वाटा किती टक्के. पीसीव्हीला दहाने गुणून पेशींच्या संख्येने भागलं की एमसीव्ही येतो. ३०६ भागिले ४.५ बरोबर ६८. तिथे ४.९ असते तर साडेबासष्टच्या आसपास आला असता. आकडा ४.५ आहे, वाद संपला. हे गणित इतकं चोख जुळतं, कारण आजच्या मशीन बहुधा पेशींची संख्या आणि आकार मोजतात आणि पीसीव्ही त्यांवरून काढतात. विन्ट्रोब नळीत रक्त फिरवून पीसीव्ही मोजत आणि एमसीव्ही काढत. मोजलेलं आणि काढलेलं यांनी जागा बदलल्या, सूत्र तेच राहिलं. तिरप्या फोटोत नजर एक ओळ घसरून एमसीव्हीचा आकडा एमसीएचच्या पल्ल्याशी लावला जाणं ही नेहमीची चूक आहे. तीही याच भागाकाराने पकडता येते.

आता खुणा मोजाव्यात: हिमोग्लोबिन, पीसीव्ही, एमसीव्ही, एमसीएच, एमसीएचसी असे पाच एल, आरडीडब्ल्यू आणि प्लेटलेट असे दोन एच. मावशी सात आजार समजून घाबरली आहे. पण पाची एल एकाच गोष्टीची पाच मापं आहेत. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहणारं द्रव्य एकूण किती, एमसीएच म्हणजे एकेका पेशीत ते किती, एमसीएचसी म्हणजे पेशीत ते किती दाट. पेशींची संख्या मात्र ४.५, अगदी पल्ल्यात. म्हणजे पेशी पुरेशा बनताहेत, पण लहान आणि फिक्या. कच्चा माल कमी पडतो आहे. आरडीडब्ल्यू पेशींच्या आकारातली तफावत सांगतो. १७.८ म्हणजे लहानमोठ्या पेशींची सरमिसळ, लोह हळूहळू आटत गेल्याची खूण. प्लेटलेट थोड्या वाढलेल्या, तेही लोहाच्या कमतरतेत अनेकदा दिसतं. पांढऱ्या पेशी नेहमीसारख्या. सात खुणांचा रोख एकाच दिशेला आहे.

एक पाहुणा मात्र याच वेशात येतो: थॅलेसेमिया मायनर. त्यातही पेशी लहान असतात, पण बहुधा संख्येने जास्त. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागायचं, उत्तर तेराच्या वर आलं तर कल लोहाकडे, खाली आलं तर थॅलेसेमियाकडे. ही युक्ती १९७३ पासून मेन्ट्झर यांच्या नावाने चालत आली आहे. ६८ भागिले ४.५ म्हणजे पंधरा. कल लोहाकडे. पण हा कलच, निदान नव्हे. सूनबाईंच्या डॉक्टरांनी फेरिटिन लिहून दिलं तर ते शरीरातला लोहाचा साठा दाखवेल. लोह घेऊनही फरक पडला नाही किंवा घरात थॅलेसेमिया असेल, तर हिमोग्लोबिन ए-टू पाहावं लागतं. लोह का कमी पडलं, पाळीत जास्त रक्त जातं का, हे तर कुठल्याच फोटोत दिसत नाही.

त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एचबीएवनसी आणि कोलेस्टेरॉल असेल तर वाचायची रीत बदलते. रकाना तोच दिसतो, पण हे आकडे डेसी-लुईसच्या घराण्यातले नाहीत. एचबीएवनसीला साडेसहाची रेघ आहे, ती निरोगी माणसांची गर्दी मोजून मारलेली नाही. साखर त्या पातळीच्या वर गेली की डोळ्यांच्या पडद्याला इजा वाढत जाते, हे पाहून ती ठरवली गेली. इथे विसात एकाचा हिशेब लागू नाही. कोलेस्टेरॉलच्या दोनशेचंही तसंच, ती हृदयविकाराच्या धोक्यावर मारलेली रेघ आहे. हिमोग्लोबिनचा बारा हा आकडा तर दोन्ही घराण्यांचा: डेसी-लुईसचं १३.५ उणे १.५ म्हणजे बारा, आणि जागतिक आरोग्य संघटनेने बायकांसाठी १९६८ मध्ये मारलेली पंडुरोगाची रेघही बाराच. पण गरोदरपणात संघटनेची रेघ त्याहून खाली येते. म्हणून फोटोत वरचा भाग कापला गेला असेल, वय, लिंग आणि गरोदरपण कळत नसेल, तर मावशीकडून पूर्ण पान मागवूनच पुढे जावं.

लॅब बदलली की रकानाही बदलतो. दुसऱ्या लॅबचा पल्ला ८० ते १०० असेल, तर एमसीव्ही ८१ असलेली बाई एका कागदावर एल आणि दुसऱ्यावर बिनखुणेची निघते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर म्हणूनच शक्यतो त्याच लॅबमध्ये जावं आणि खुणांपेक्षा आकडे ताडून पाहावेत. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक-दीड ग्रॅमने चढायला हवं. एमसीव्ही रेंगाळेल, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जुन्या लहान पेशी अजून फिरत असतात. त्यांच्यात नव्या, चांगल्या आकाराच्या पेशी मिसळल्या की आरडीडब्ल्यू १७.८ वरून आणखी वर जाऊ शकतो. त्या महिन्याच्या फोटोत तो एच अधिक ठळक दिसला, तरी शेजारी हिमोग्लोबिन चढलेलं असेल तर गोळ्या लागू पडताहेत.