नारिंगी चेंडूची कुळकथा

चेंडूमागे पळणाऱ्या छोट्या रोबोचे मूळ एका चित्रकलेच्या यंत्रात आहे. 1974 मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत अल्वी रे स्मिथ ‘सुपरपेंट’ या संगणकावर चित्रे काढत होता. पडद्याला लाल, हिरवा, निळा एवढेच कळे, पण चित्रकार तसा विचार करत नाही. त्याला रंग कोणता, तो किती शुद्ध आणि किती उजळ, हे वेगवेगळे हाताळायचे असते. स्मिथने तशीच मांडणी केली आणि 1978 मध्ये ती प्रसिद्ध केली. तीच एचएसव्ही.

यंत्राच्या नजरेलाही ती उपयोगी पडली. चेंडू सावलीत गेला की लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे बदलतात. रंगछटा मात्र बरीचशी टिकते. इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्कीने 1998 मध्ये याच छटेवरून चेहऱ्याचा माग काढला. पुढे त्यानेच ओपनसीव्ही सुरू केले. तिथे छटा 0 ते 179 मध्ये मोजतात, कारण वर्तुळाचे 360 अंश एका बाइटमध्ये मावत नाहीत, म्हणून ते निम्मे केले.

नारिंगी चेंडूसाठी सुरुवात अशी:

```
hsv = cv2.cvtColor(frame, cv2.COLOR_BGR2HSV)
mask = cv2.inRange(hsv, (5, 120, 80), (18, 255, 255))
```

यातला 80 हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बालाघाटच्या तिरोडीत मँगनीजची खाण आहे. रोबो तिथल्या जमिनीवर चालतोय असे समजा आणि काळ्या खड्याचा एक ठिपका घ्या: लाल 6, हिरवा 3, निळा 4. छटा काढताना सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातल्या फरकाने भागतात. तो इथे फक्त 3 आहे, म्हणून छटा येते 170, म्हणजे लाल. कॅमेऱ्याच्या कुरबुरीने हिरवा 4 आणि निळा 3 झाला, की तीच छटा 10 होते, म्हणजे नारिंगी! काळ्याची छटा अशी भरवशाची नसते. ब्रॅडस्कीनेही म्हणूनच फार अंधारे ठिपके हिशेबातून वगळले होते. 80 ची अट असली की 6 उजळपणाचा खडा आपोआप बाद होतो. मास्कमध्ये जमिनीवर पांढरे ठिपके लुकलुकत असतील, तर ही मर्यादा खाली राहिली आहे असे समजावे.

राहिले वळणे. मास्कमधल्या सर्वांत मोठ्या डागाचा मध्य काढायचा. 320 ठिपके रुंद चित्रात तो 240 वर असेल, तर मधल्या 160 पासून फरक 80. त्याला 0.5 ने गुणले की 40. दोन्ही चाकांचा मूळ वेग 100 धरला, तर डावे 140, उजवे 60; रोबो उजवीकडे वळतो. डाग फारच लहान असेल, तर चाके थांबवावीत.

संध्याकाळी चेंडूचाच उजळपणा 80 खाली जातो आणि रोबो उभा राहतो. तेव्हा मर्यादा उतरवण्यापेक्षा दिवा लावा.